दोन मोटारी, एक सरळ रेष

दोन चाकांच्या रोबोटला स्टिअरिंग नसतं. डावीकडे एक मोटार, उजवीकडे एक, आणि तोल सांभाळायला पुढे किंवा मागे एक मोकळी गोळी. वळायचं असेल तर एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त फिरवायचं आणि सरळ जायचं असेल तर दोन्ही सारखी फिरवायची, एवढंच त्याचं तंत्र. पण यातलं अवघड काम वळणं नाही, सरळ जाणं आहे. दोन्ही मोटारी एकाच पाकिटातून काढलेल्या, एकाच बॅटरीवर चालणाऱ्या, प्रोग्रॅममध्ये दोघींना एकच आकडा दिलेला, आणि तरीही रोबोट दोन मीटरच्या आत भिंतीकडे वळलेला असतो. बैलजोडीतला एक बैल हात राखून ओढू लागला की गाडी त्याच्या अंगाला वळते, तसं.

हा फरक किती लहान असला तरी पुरतो, ते आकड्यांत पाहू. या लेखात जो रोबोट धरला आहे त्याच्या दोन चाकांमधलं अंतर १० सेंटिमीटर आहे. समजा उजवं चाक डाव्यापेक्षा फक्त तीन टक्के वेगानं फिरतं. दोन मीटर जाईपर्यंत उजवं चाक सहा सेंटिमीटर जास्त चाललेलं असेल. सहा भागिले दहा म्हणजे ०.६ रेडियन, म्हणजे सुमारे ३४ अंश. रोबोटचा रोख इतका वळलेला असेल आणि तो मूळ रेषेपासून ५८ सेंटिमीटर बाजूला पोचलेला असेल. स्वस्त गिअर-मोटारींच्या जोडीत तीन टक्क्यांचा फरक म्हणजे काहीच नव्हे. ब्रशचा दाब, चुंबकाची ताकद, गिअरबॉक्समधलं ग्रीस, चाक दांड्यावर किती घट्ट बसलं आहे, यातल्या कशानंही तो पडतो. शिवाय दोन्ही मोटारी एकमेकींच्या समोरासमोर बसवलेल्या असल्यामुळे रोबोट पुढे जाताना एक घड्याळाच्या दिशेनं फिरते आणि दुसरी उलट. काही मोटारींची दोन दिशांतली चालही अगदी सारखी नसते.

तेव्हा सरळ चालण्यासाठी दोन गोष्टी लागतात. मोटारीला हवी ती दिशा आणि हवा तेवढा जोर देता आला पाहिजे, आणि चाक प्रत्यक्षात किती फिरलं हे कळलं पाहिजे. पहिलं काम एच-ब्रिजचं, दुसरं एनकोडरचं.

आर्डुइनो उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये असं सांगतात. बोटाच्या पेराएवढी एन-२० जातीची गिअर-मोटारसुद्धा चाक अडलं तर अर्ध्या अँपिअरच्या वर सहज जाते. म्हणजे मोटार थेट पिनला जोडण्याचा प्रश्नच येत नाही. मध्ये स्विच हवेत आणि मोटार उलटही फिरवायची असेल तर ते चार हवेत. कागदावर इंग्रजी एच काढा. मधल्या आडव्या रेघेवर मोटार ठेवा आणि चारही पायांवर एकेक स्विच. वरच्या दोन टोकांना बॅटरीचा धन, खालच्या दोन्हींना ऋण. वरचा डावा आणि खालचा उजवा स्विच लावला की प्रवाह मोटारीतून डावीकडून उजवीकडे जातो. दुसरी तिरकी जोडी लावली की उलट जातो आणि मोटारही उलट फिरते. एकाच बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही स्विच एकदम लागले तर मोटार बाजूलाच राहते आणि बॅटरीची दोन टोकं थेट जोडली जातात. सुटे ट्रान्झिस्टर घेऊन ब्रिज बांधणाऱ्याला ही भीती सतत असते. तयार चिपमध्ये आतलं तर्कमंडल तसं होऊ देत नाही.

आणखी दोन अवस्था राहतात, आणि सरळ चालण्याशी त्यांचा संबंध वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. चारही स्विच बंद केले तर मोटार मोकळी सुटते आणि आपल्या वेगावर घरंगळत राहते. खालचे दोन्ही स्विच लावले तर मोटारीची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. फिरणारी मोटार त्या क्षणी जनित्र बनते, तिनं तयार केलेला प्रवाह तिलाच विरोध करतो आणि ती झटकन थांबते. पहिलं सोडणं, दुसरं ब्रेक लावणं.

वेग कमी-जास्त करायला व्होल्टेज कमी-जास्त करत नाहीत, स्विच भराभर चालू-बंद करतात. आर्डुइनोच्या बहुतेक पीडब्ल्यूएम पिनांवर हे सेकंदाला ४९० वेळा होतं. `analogWrite` मध्ये शून्य ते २५५ यांतला जो आकडा देतो, तो प्रत्येक फेरीत स्विच किती वेळ चालू राहणार ते ठरवतो. उरलेल्या वेळात, म्हणजे स्विच बंद असताना, मोटारीचं काय होतं हे मात्र ड्रायव्हरवर अवलंबून असतं, आणि नवशिक्यांच्या हाती पडणाऱ्या दोन ड्रायव्हरांत नेमका इथेच फरक आहे.

पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला रोबोटचं सामान मागितलं की हातात बहुधा काळं हीटसिंक लावलेलं लाल बोर्ड येतं. त्यावर एल-२९८ ही चिप असते. ती जुन्या धाटणीची, बायपोलर ट्रान्झिस्टरची आहे. एका वेळी दोन ट्रान्झिस्टर मार्गात येतात आणि एक अँपिअर प्रवाहाला दोघं मिळून सुमारे अडीच व्होल्ट स्वतःत जिरवतात. ७.४ व्होल्टची बॅटरी लावली तर मोटारीपर्यंत पाचच्या आसपास पोचतात आणि बाकीचे हीटसिंक तापवतात. मोठ्या मोटारींना आणि जास्त व्होल्टेजला ती अजूनही कामाची आहे, पण सहा व्होल्टच्या छोट्या मोटारींना हा तोटा जड जातो. शिवाय एनेबल पिनवर पीडब्ल्यूएम दिला तर बंद क्षणात चारही ट्रान्झिस्टर सुटतात आणि मोटार घरंगळते. परिणामी आकडा आणि वेग यांचं नातं वाकडं होतं. खालच्या आकड्यांना मोटार नुसती गुणगुणते, हलत नाही. मग एका आकड्याला ती एकदम सुटते. रोबोट हलका असेल तर पुढे निम्म्या आकड्यालाच वेग निम्म्याहून बराच जास्त झालेला असतो आणि वरच्या भागात आकडा वाढवूनही फारसा फरक पडत नाही.

तोशिबाची टीबी-६६१२ ही दुसरी चिप मॉसफेटची आहे. तिच्या मार्गातला एकूण अडथळा अर्ध्या ओहमच्या आसपास, म्हणजे अर्धा अँपिअर जाताना तोटा फक्त पाव व्होल्ट. आणि तिच्या पीडब्ल्यूएम पिनवरचा सिग्नल खाली गेला की ती मोटार मोकळी न सोडता ब्रेकच्या अवस्थेत नेते. त्यामुळे मोटारीला मिळणारं सरासरी व्होल्टेज आकड्याच्या सरळ प्रमाणात राहतं आणि वेगही बराचसा तसाच वागतो. पुढे जे नियंत्रण करायचं आहे त्याला हा सरळपणा फार उपयोगी पडतो, कारण दहा आकडे वाढवल्याचा परिणाम सगळीकडे साधारण सारखा मिळतो. ज्यांच्याकडे एल-२९८ आहे त्यांनी एनेबल पिन कायम चालू ठेवावी, दिशेच्या दोन पिनांपैकी एक खाली धरावी आणि दुसरीवर पीडब्ल्यूएम द्यावा. बंद क्षणात दोन्ही पिना खाली जातात, चिप ब्रेक लावते आणि तोच सरळपणा बऱ्याच अंशी मिळतो. व्होल्टेजचा तोटा मात्र तसाच राहतो.

आता एक मोह होतो. रोबोट डावीकडे वळतोय ना, मग उजव्या मोटारीचा आकडा १४० वरून १३१ वर आणायचा. फरशीच्या रेघेवर चालवून पाहायचं, थोडं इकडे-तिकडे करायचं, आणि जमलं. हे खरंच जमतं, पण त्या दिवसापुरतं. दोन मोटारींमधला फरक दोन प्रकारचा असतो. एक वेगाच्या प्रमाणात वाढणारा, आणि दुसरा घर्षणाचा, जो वेग कितीही असला तरी साधारण तेवढाच राहतो. १४० ला बसवलेली तडजोड म्हणून ९० ला बसत नाही. बॅटरी उतरली की तोच १४० कमी व्होल्टेज देतो, म्हणजे मोटारीच्या दृष्टीनं आपण वेगळ्याच आकड्यावर आलेलो असतो. कॉलेजच्या स्पर्धेत सकाळी सरळ चाललेला रोबोट दुपारी वाकडा जातो तेव्हा बहुतेकदा हेच झालेलं असतं. मोटारीला काय सांगितलं यावरून चाक किती फिरलं हे कळत नाही. ते चाकालाच विचारावं लागतं.

एनकोडर असलेल्या एन-२० मोटारीच्या मागच्या बाजूला दांड्याचं टोक बाहेर आलेलं असतं. त्यावर एक छोटी चुंबकी चकती आणि तिच्याजवळ दोन हॉल सेन्सर बसवलेले असतात. चकती फिरली की प्रत्येक सेन्सर मोटारीच्या एका फेऱ्याला ठरावीक पल्स देतो. बाजारातल्या अनेक मोटारींत त्या सात असतात. गिअर १:५० असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात मोटारीचे ५० फेरे होतात, म्हणजे एका सेन्सरवर ३५० पल्स. चाकाचा व्यास ४३ मिलिमीटर धरला तर परीघ १३५ मिलिमीटर होतो आणि एक पल्स म्हणजे साधारण ०.३९ मिलिमीटर पुढे जाणं. गिअरचं प्रमाण लेबलवर ५० असलं तरी प्रत्यक्षात थोडं वेगळं असू शकतं. म्हणून चाकावर खूण करून ते हातानं सावकाश बरोबर दहा फेरे फिरवावं, आलेल्या आकड्याला दहानं भागावं आणि तोच आकडा वापरावा.

चाकावरच फटी असलेली चकती लावून प्रकाशाच्या सेन्सरनं मोजण्याची पद्धतही चांगली चालते, पण तिची नजर जाड असते. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पामुळे अनेक अभियांत्रिकी कॉलेजांत पोचलेल्या फायर बर्ड व्ही या रोबोटचं चाक ५१ मिलिमीटरचं आणि एका फेऱ्याला ३० पल्स, म्हणजे एक पल्स सुमारे ५.३ मिलिमीटरची. त्याच्या चाकांमधलं अंतर १५ सेंटिमीटर. दोन चाकांच्या मोजणीत एका पल्सचा फरक पडला म्हणजे रोख दोन अंशांनी बदलला. त्याहून बारीक वळण या मोजणीत दिसतच नाही, आणि दोन अंशांची चूक दोन मीटरमध्ये सात सेंटिमीटर होते. आपल्या उदाहरणातल्या मोटारीत एक पल्स म्हणजे ०.२२ अंश. सरळ रेषेचं काम करायचं असेल तर मोटारीच्या दांड्यावरचा एनकोडर घ्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

सेन्सर दोन का? कारण एकावरून फक्त फिरणं कळतं, दिशा कळत नाही. दुसरा सेन्सर असा बसवलेला असतो की त्याची लाट पहिल्याच्या पाव फेरी मागे किंवा पुढे असते. पहिल्याची लाट वर चढत असतानाच दुसऱ्याकडे पाहायचं. तो वर असेल तर एक दिशा, खाली असेल तर दुसरी. उनोवर असा बदल घडताक्षणी प्रोग्रॅमला थांबवून मोजणी करायला लावणाऱ्या खास बाह्य पिना दोनच आहेत, २ आणि ३. प्रत्येक एनकोडरचा पहिला सेन्सर त्यांना जोडायचा आणि दुसरा कुठल्याही मोकळ्या पिनला.

```cpp
volatile long countL = 0;

void isrL() {
  if (digitalRead(LB)) countL++;
  else countL--;
}
```

`LB` म्हणजे डाव्या एनकोडरच्या दुसऱ्या सेन्सरची पिन. उजव्या चाकासाठी हेच लिहायचं, फक्त मोटार आरशातल्यासारखी उलटी बसली आहे म्हणून अधिक-उणे यांची अदलाबदल करायची. रोबोट हातानं पुढे ढकलला की दोन्ही आकडे वाढले पाहिजेत. नियंत्रणाचा एकही शब्द लिहिण्याआधी ही चाचणी करावी.

आता मुख्य गोष्ट. पुष्कळजण एनकोडर हाती आला की दोन्ही चाकांचा वेग मोजतात आणि वेग सारखे ठेवू पाहतात. ते स्वाभाविक वाटतं, पण सरळ जाण्यासाठी ते पुरत नाही. सुरुवातीचा क्षण घ्या. स्थिर मोटारीला हलायला जास्त जोर लागतो. समजा डावी मोटार क्षणभर अडकली आणि तेवढ्यात उजवं चाक एक सेंटिमीटर पुढे गेलं. मग डावी सुटली आणि दोघींचे वेग तंतोतंत सारखे झाले. वेगाचं नियंत्रण आता समाधानी आहे, कारण दुरुस्त करायला काही उरलेलं नाही. पण एक सेंटिमीटर भागिले दहा म्हणजे रोबोट जवळजवळ सहा अंश वळून बसला आहे, आणि आता तो त्या चुकीच्या दिशेनं अगदी सरळ जाईल. दोन मीटरनंतर २० सेंटिमीटर बाजूला.

रोबोटचा रोख वेगांच्या फरकावर नाही, आतापर्यंत कापलेल्या अंतरांच्या फरकावर ठरतो. म्हणून तुलना करायची ती सुरुवातीपासूनच्या एकूण मोजणीची. डावं चाक १२०० पल्स आणि उजवं १२२६, तर फरक २६, म्हणजे दहा मिलिमीटर, म्हणजे सहा अंश. हा फरक शून्यावर आणायचा तर उजव्यानं थोडं थांबावं आणि डाव्यानं भरून काढावं लागतं, आणि तसं करताना रोबोटचा रोख आपोआप मूळ दिशेला परत येतो. दर २० मिलिसेकंदांनी पुढचं काम करायचं:

```cpp
noInterrupts();
long l = countL, r = countR;
interrupts();
long e = l - r;
sumE = constrain(sumE + e, -400, 400);
int c = Kp * e + Ki * sumE;
driveL(constrain(base - c, 0, 255));
driveR(constrain(base + c, 0, 255));
```

पहिल्या तीन ओळींचं कारण असं की उनोची चिप एका वेळी एकच बाइट उचलते आणि मोजणीचा आकडा चार बाइटांचा आहे. अर्धा आकडा उचलला असताना नवी पल्स आली तर जुना अर्धा आणि नवा अर्धा मिळून भलताच आकडा तयार होतो. २५५ चे २५६ होत असताना हातात ५११ येऊ शकतो. असा प्रसंग क्वचितच येतो, पण आला की रोबोट सरळ जाता जाता अचानक एक हिसका देतो आणि कारण शोधून सापडत नाही. म्हणून आकडे उचलेपर्यंत मोजणी रोखून धरायची.

`base` म्हणजे मूळ वेग, इथे १४०. `e` म्हणजे फरक. आधी `Ki` शून्य ठेवा आणि `Kp` एक. डावं चाक दहा पल्सनी पुढे गेलं की डाव्या मोटारीचा आकडा दहानं कमी होईल आणि उजवीचा दहानं वाढेल. `Kp` फार कमी असेल तर रोबोट सावकाश, लांबट वळणानं रोख सुधारतो. फार जास्त असेल तर तो दुरुस्ती करताना पलीकडे जातो, मग परत अलीकडे येतो आणि नागमोडी चालू लागतो. ही नागमोड डोळ्यांनी दिसते आणि मोटारींच्या आवाजातही ऐकू येते. ती सुरू होईपर्यंत `Kp` वाढवावा आणि मग निम्म्यावर आणावा.

एवढं केल्यावर रोबोट सरळ जातो, पण नीट पाहिलं तर थोडा तिरका सरळ जातो. समजा दोन मोटारी सारख्या चालायला त्यांच्या आकड्यांत बाराचा फरक लागतो. म्हणजे `c` ला सतत सहा राहावं लागेल. `Kp` एक असताना `c` सहा व्हायला `e` सुद्धा सहा हवा. फरक शून्य झाला तर दुरुस्तीही शून्य होईल आणि चाकं पुन्हा वेगळी पडतील. म्हणून सहा पल्सचा फरक तसाच तग धरून राहतो. सहा पल्स म्हणजे २.३ मिलिमीटर, म्हणजे १.३ अंशांचा कायमचा तिरपेपणा, दोन मीटरला साडेचार सेंटिमीटर. `Ki` चं काम हे आहे. तो फरकाची बेरीज करत जातो. फरक लहान असला तरी तो टिकला की बेरीज वाढते आणि लागणारे सहा आकडे ती स्वतः पुरवू लागते. मग `e` ला सहावर राहण्याची गरज उरत नाही, तो शून्याकडे सरकतो. `Ki` ०.०५ च्या आसपास धरला तर बेरीज १२० ला पोचताच काम होतं. ४०० ची मर्यादा यासाठी की चाक कुठे अडकलं तर बेरीज फुगत जाऊ नये, नाहीतर चाक सुटल्यावर रोबोट उलट्या बाजूला गरकन वळतो.

रोबोट जमिनीवर सोडण्याआधी चाकं अधांतरी धरून एक परीक्षा घ्यावी. दोन्ही फिरत असताना डावं चाक बोटानं हलकं दाबा. डावी मोटार जोर लावताना जाणवली पाहिजे आणि उजवी मंद झाली पाहिजे. उलट झालं, म्हणजे उजवी जोरात पळू लागली, तर कुठेतरी अधिक-उणे उलटं लिहिलं आहे आणि दुरुस्ती चूक वाढवते आहे. तसा रोबोट जमिनीवर सोडताच जागच्या जागी गिरकी घेतो. एनकोडरची तार निसटली तरी अशीच गिरकी येते, कारण मोजणी शून्यावर अडली की प्रोग्रॅमला ते चाक थांबलेलं वाटतं आणि तो त्या मोटारीला जोर देतच राहतो. दोन्हींतला फरक ओळखायचा तर आकडे स्क्रीनवर छापून चाक हातानं फिरवावं. तार निसटली असेल तर आकडा हलत नाही.

इथपर्यंत सगळं नीट झालं की प्रोग्रॅमच्या हिशेबानं रोबोट तंतोतंत सरळ चाललेला असतो. दोन्ही मोजण्या तीन मीटरनंतर अगदी सारख्या, आणि तरी रोबोट फरशीच्या रेघेपासून बाजूला. याचं कारण एनकोडर अंतर मोजत नाही, फेरे मोजतो. फेऱ्यांचं अंतर करतं ते चाक, आणि दोन चाकांचे व्यास कधीच अगदी सारखे नसतात. ४३ मिलिमीटरच्या चाकात ०.३ मिलिमीटरचा फरक म्हणजे ०.७ टक्के. दोन मीटरमध्ये त्यानं आठ अंश रोख वळतो आणि रोबोट १४ सेंटिमीटर बाजूला जातो. मिशिगन विद्यापीठातल्या जोहान बोरेनस्टाइन आणि लिकियांग फेंग यांनी १९९० च्या दशकात या प्रश्नावर जे काम केलं ते आजही वापरलं जातं. रोबोटला चौरसावर एकदा घड्याळाच्या दिशेनं आणि एकदा उलट फिरवून परतीच्या जागेची चूक मोजायची. त्यावरून चाकांच्या व्यासातला फरक आणि चाकांमधल्या अंतराची चूक वेगवेगळी काढता येते. त्यांचा मुद्दा असा की एकाच दिशेनं फिरवलं तर एक चूक दुसरीला झाकू शकते.

आपलं काम फक्त सरळ रेषेचं आहे, त्यामुळे आपल्याला लांब फरशी आणि मोजपट्टी पुरते. रोबोट रेघेवर सरळ लावा, सोडा, आणि दीड मीटर व तीन मीटरवर तो किती बाजूला गेला ते मोजा. तीन मीटरवरचं सरकणं दीड मीटरवरच्या दुप्पट असेल तर रोबोट मुळातच तिरका ठेवला गेला, किंवा आधी पाहिलेला कायमचा तिरपेपणा उरला आहे. ते चौपट असेल तर वाट वाकडी आहे, म्हणजे दोष चाकांच्या व्यासात आहे. दुसऱ्या प्रकारात हिशेब असा: सरकलेलं अंतर, गुणिले चाकांमधलं अंतर, गुणिले दोन, भागिले चाललेल्या अंतराचा वर्ग. तीन मीटरला नऊ सेंटिमीटर डावीकडे गेला असेल तर ०.०९ × ०.१ × २ ÷ ९ म्हणजे ०.००२. उजवं चाक ०.२ टक्क्यांनी मोठं आहे. प्रोग्रॅममध्ये फरक काढताना उजव्या मोजणीला १.००२ नं गुणायचं, झालं. मग पुन्हा चालवून तपासायचं. मात्र धाव एकच पुरत नाही. चार-पाच धावांची सरासरी घ्यावी, कारण रोबोट हातानं लावताना अर्धा अंश इकडे-तिकडे होतोच.

या गुणकानं न सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. एकदम पूर्ण जोर दिला तर गुळगुळीत फरशीवर चाक जागीच सरकतं. एनकोडर ते फिरणं मोजतो आणि रोबोट पुढे गेला असं धरतो. म्हणून वेग शून्यापासून १४० पर्यंत निदान अर्ध्या सेकंदात हळूहळू चढवावा, उतरवतानाही तसंच. मागे गोळीऐवजी फिरतं चाक असेल आणि ते आडवं वळून बसलं असेल तर निघताना ते सरळ होताना शरीराला बाजूला ढकलतं. फरशीच्या सांध्यात एक चाक उडालं तरी तेच. आणि दुरुस्तीचं स्वरूपच असं आहे की ती रोख परत आणते, रेघ परत आणत नाही. रोख चुकलेल्या वेळात रोबोट जे काही मिलिमीटर बाजूला गेला ते तसेच राहतात, आणि तो मूळ रेघेला समांतर जात राहतो. रेघच पकडायची असेल तर दोन्ही मोजण्यांवरून आपलं आडवं स्थान सतत काढत जावं लागतं आणि रोख मुद्दाम थोडा वळवून परत यावं लागतं. घसरणं मात्र त्यानंही पकडता येत नाही. त्याला चाकाशी संबंध नसलेला सेन्सर लागतो. छोट्या रोबोटांत तो बहुधा जायरो असतो, जो शरीर किती वळलं हे थेट सांगतो. पण जायरोचा शून्य हळूहळू सरकतो, त्यामुळे लांब धावेत त्याला एनकोडर दुरुस्त करतो आणि चाक घसरलं त्या क्षणापुरता एनकोडरला जायरो.